पुन्हा पुन्हा होणारी आग आणि लघवीतली साखर

"मला आठ वर्षांपासून शुगर आहे. चार महिने झाले, संबंधाच्या वेळी पुढच्या भागाची आग होते, कातडीला चिरा पडतात. मेडिकलमधली ट्यूब लावली की थांबते आणि पुन्हा सुरू होते. मी बाहेर कुठे गेलेलो नाही. मग हा गुप्तरोग आला कुठून?"

निपाणीजवळच्या गावातून आलेल्या या एकोणपन्नास वर्षांच्या तंबाखू व्यापाऱ्याने, पत्नी औषधे आणायला गेल्यावरच, आमच्या बेळगावच्या दवाखान्यात हे विचारले. त्यांना मी आधी एवढेच सांगितले, की हा बहुधा गुप्तरोग नव्हे, आणि त्यासाठी बाहेर जावे लागत नाही. कँडिडा नावाची बुरशी कित्येकांच्या अंगावर एरवीही असते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडे ती लघवीत सोडू लागतात. लघवी झाल्यावर कातडीखाली राहिलेला थेंब, तिथली ऊब आणि ओल यांवर ही बुरशी वाढते. शिश्नमणी लाल होतो, दह्याच्या कणांसारखा पांढरा थर दिसतो, खाज सुटते आणि नाजूक झालेली कातडी ताणली जाताच तिला चिरा पडतात.

त्यांची फाइल चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. सहा महिन्यांपूर्वी त्यांना डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झाले होते आणि त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात त्रास सुरू झाला होता. ही गोळी साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे रक्तातील साखर आटोक्यात असली तरी लघवीत साखर राहते आणि बुरशीला निमित्त मिळते. त्यांच्या बाबतीत तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसीही ९.४ होते, म्हणजे साखर दोन्ही वाटांनी लघवीत येत होती. गोळी स्वतःहून बंद करू नका, असे मी त्यांना बजावले. हृदय आणि मूत्रपिंडांसाठी तिचा उपयोग असतो, म्हणून ती ठेवायची की बदलायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

खरा घोटाळा ट्यूबने केला होता. तिच्या वेष्टनावर तीन औषधांची नावे होती आणि त्यांतले एक तीव्र स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, माणसाला वाटते बरे झाले, आणि तो ट्यूब बाजूला ठेवतो. बुरशी मात्र तशीच राहते, आणि असे वारंवार झाल्याने कातडी पातळ होऊन लवकर फाटते. आमच्या डॉक्टरांनी तपासणी करून ती ट्यूब थांबवली आणि नुसते बुरशीवरचे क्लोट्रिमॅझोल एक टक्का क्रीम दिवसातून दोनदा, चौदा दिवस, आराम पडला तरी न थांबवता लावायला सांगितले. बुरशीवरच्याच फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळीही अनेकदा दिली जाते. पण हे गृहस्थ ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळीही घेत होते आणि त्या दोन्ही गोळ्या मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी ती टाळली.

स्वच्छतेबाबत ते उलटेच करत होते. दिवसातून दोन-तीनदा साबणाने, कधी डेटॉलनेही धूत, आणि त्याने आग वाढत असे. मी सांगितले ते असे: रोज एकदा कातडी मागे घेऊन कोमट साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडे करा, मग क्रीम लावून कातडी पुन्हा पुढे आणा, कारण मागे राहून गेलेली कातडी सुजून अडकू शकते. लघवीनंतरही थेंब टिपून घ्या. चिरा भरेपर्यंत संबंध टाळा. क्रीममुळे निरोध कमकुवत होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

पत्नीशी बोलायला ते तयार नव्हते. "तिला वाटेल मी काहीतरी केलं," एवढेच म्हणाले. त्यांच्या संमतीने मी दोघांना एकत्र बसवून लघवीतील साखरेचा रिपोर्ट दाखवला. तेव्हा त्या म्हणाल्या, "मलाही दोन महिने खाज सुटते, पण सांगायचं कसं?" त्यांचीही तपासणी आणि उपचार झाले. जोडीदाराला त्रास नसेल तर सहसा औषधाची गरज पडत नाही, पण असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी झालेले बरे.

पंधराव्या दिवशी चिरा भरल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली, तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.६ आले आणि तोवर त्रास परतला नव्हता. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, कातडी मागे जाईनाशी झाली, पांढरा कडक डाग किंवा न भरणारी जखम दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. ताप आला आणि अंडकोषाभोवती तीव्र वेदना, सूज किंवा काळेपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.