स्टेजवर कोण कुठे उभं राहणार?

कॅनडातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलाचं लग्न मडगावच्या मुलीशी ठरलंय. सकाळी देवळाच्या सभागृहात विधी आणि संध्याकाळी ७ वाजता मडगावातच रिसेप्शन. यजमान मुलीकडचे, माणसं ४०० च्या आसपास, त्यात मुलाकडची जेमतेम ५०. मुलाचे वडील आता नाहीत. विधींना धाकटे दीर-जाऊ बसणार आहेत. त्या लिहितात, "इथल्या लग्नांत रांगेत कोण कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असतं, तसं आपल्याकडे काही आहे का? आमच्या एक नणंदबाई म्हणतात, स्टेजवरसुद्धा दीर-जाऊच उभे राहू देत, तुम्ही खाली पाहुण्यांजवळ बसा."

नणंदबाईंचा मुद्दा आधी घेते, कारण तो मिटल्याशिवाय बाकीची मांडणी बसत नाही. ताई, तुम्ही स्टेजवर उभं राहायचं, आणि तेही मुलाच्या अगदी शेजारी. विधींना जोडीनं बसावं लागतं, म्हणून दीर-जाऊ बसले. रिसेप्शनमध्ये एकही विधी नसतो. आलेल्या माणसाचं स्वागत करायचं आणि त्याचे आशीर्वाद घ्यायचे, एवढंच काम असतं, आणि ते मुलाच्या आईचं आहे. मडगावच्या पाहुण्यांतल्या बहुतेकांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मुलाची आई कोण, हे त्यांना त्या एका संध्याकाळीच कळणार. तुम्ही खाली बसलात तर दीर-जाऊ हेच आईवडील असा त्यांचा समज होईल आणि तो पुढे कित्येक वर्षं टिकेल. नणंदबाईंना हे तुम्ही सांगू नका, दिरांना सांगायला लावा. विधींना बसलेल्या माणसानंच "वहिनी वर उभ्या राहणार" म्हटलं की वाद वाढत नाही.

आता जागांकडे येऊ. परदेशात तुम्ही पाहिलेल्या रांगेत नवरीची आई सगळ्यांत पुढे असते. त्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. जुन्या पद्धतीत समारंभ तिच्या घरचा, ती यजमानीण, आणि आलेला माणूस कोण हे तिलाच ठाऊक. तिनं नाव घेऊन माणूस पुढे द्यायचा. गोव्यात रांग दाराशी नसते. वधूवर स्टेजवर असतात, पाहुणे एका बाजूच्या पायऱ्यांनी चढतात, भेटतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या बाजूनं उतरून जेवणाकडे जातात. पण कारण तेच राहतं. पायरीपाशी असा माणूस हवा, जो आलेल्याला ओळखतो.

बहुतेक ठिकाणी वधूवरांच्या एका बाजूला मुलीचे आईवडील आणि दुसऱ्या बाजूला मुलाचे अशी विभागणी करतात. दिसायला ती सरळ आहे, पण माझा तिला विरोध आहे. पाहुणे मुलीकडचे असले की ते तिच्या आईवडिलांशी बोलतात, वधूवरांना भेटतात, फोटो होतो, आणि तिथून थेट उतरायच्या पायरीकडे वळतात. शेवटी उभ्या असलेल्या मुलाच्या घरच्यांपुढून माणसं नुसती मान हलवून जातात. तुमची ५० माणसं आणि त्यांची साडेतीनशे, म्हणजे दोन तास तुमच्या वाट्याला हेच येईल. त्यात कोणी उद्धट नसतं. फोटो झाला म्हणजे भेट संपली असं माणसाला वाटतं, म्हणून जे काही घडायचं ते फोटोच्या आधी घडलं पाहिजे.

म्हणून दोन्ही घरं एकमेकांत मिसळा. तुमच्या हॉलमध्ये, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, चढायच्या पायऱ्या प्रेक्षकांच्या डाव्या हाताला आहेत. तिथून सुरुवात करू. पहिल्या मुलीच्या आई. त्यांच्याशेजारी तुम्ही. मग तुमचा मुलगा, मग सून. सुनेच्या पलीकडे तुमचे दीर आणि उतरायच्या पायरीशी मुलीचे वडील. सहाच माणसं. यामुळे दोन्ही आया फोटोच्या आधी भेटतात. विहीणबाई म्हणतात, "ही जावयांची आई," की तुमची ओळख झालीच. शेवटी उभे असलेले मुलीचे वडील यजमान या नात्यानं "जेवून वचात" म्हणत माणसाला जेवणाकडे लावून देतात. ते काम दुसऱ्या कोणी केलं तर गोव्यात शोभत नाही.

सून मुलाच्या डावीकडे का, असंही तुम्ही विचारलंय. होमाला बसताना बायको नवऱ्याच्या उजवीकडे असते, आशीर्वाद घेताना डावीकडे, अशी आपली जुनी रूढी आहे. रिसेप्शन म्हणजे आशीर्वादाचा भाग, म्हणून डावीकडे. खालून पाहणाऱ्याला ती उजवीकडे दिसेल. यावरून फोटोग्राफरशी बोलताना फार गोंधळ होतो, तेव्हा "मुलाच्या डाव्या हाताला" असंच सांगा. पायऱ्या दुसऱ्या बाजूला असत्या तर वधूवर आहेत तसेच ठेवून बाकीच्या चौघांनी बाजू बदलायच्या. म्हणजे तुम्ही सुनेशेजारी आला असतात. त्यात काही बिघडत नाही.

जाऊबाईंचं काय? त्यांना सातवी म्हणून उभं करू नका. सकाळी विधींना बसलेल्या त्या, त्यांचा मान सांभाळायलाच हवा, पण तो वेगळ्या प्रकारे. त्यांना पहिल्या ओळीत तुमच्या सासूबाईंजवळ बसवा आणि कॅनडाहून, पुण्याहून आलेल्या तुमच्या ५० जणांची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. विहीणबाई तुमच्या माणसांना ओळखत नाहीत. तुमच्याकडचं कोणी पायऱ्यांशी आलं की जाऊबाईंनी सोबत चढून विहीणबाईंना नाव आणि नातं सांगायचं. ही सोय नसली तर तुमच्याच माणसांना स्टेजवर परकं वाटतं.

तुमच्या माणसांना एक क्रम आधी सांगून ठेवा. हॉलमध्ये आल्यावर प्रथम खाली बसलेल्या दोन्हीकडच्या आजी-आजोबांना नमस्कार, आधी मुलीकडच्या, मग आपल्या. स्टेजवर चढल्यावर विहीणबाईंना आधी भेटायचं, तुम्हाला नंतर. तुमची सख्खी बहीण सहा वर्षांनी भेटत असली तरी तिनं विहीणबाईंना ओलांडून तुमच्या गळ्यात पडायचं नाही. ही चूक फार होते आणि पायरीशी उभ्या असलेल्या बाईला ती लागते, बोलून दाखवली नाही तरी. तुमच्या मुलानंही हॉलमध्ये शिरताना सासूसासऱ्यांना वाकून नमस्कार करून मगच स्टेज गाठावं.

स्टेजवर मात्र प्रत्येक वडीलधाऱ्यासाठी वाकू नये. वधूवर सकाळपासून दमलेले असतात, सुनेच्या अंगावर जड साडी असते, आणि प्रत्येक वेळी वाकण्यानं रांग थांबते. हात जोडून मान लववली की नमस्कार पोचतो. ज्यांना वाकूनच करायचा, त्या आजी-आजोबांना, मामा-मामींना, गुरुजींना सात वाजायच्या आधी खाली जाऊन करून घ्या. घरचे सगळे फोटोही त्याच वेळी उरका. ६ वाजता हॉलवर तयार असलात तर हे नीट जमतं.

मडगावात ख्रिस्ती शेजारी, मित्रमंडळी, वडिलांचे सहकारी असे बरेच जण असणार. ते हात पुढे करतील. वयस्क बाया गालाला गाल लावतील. मागे सरू नका, पण पुरुषाशी बोलताना हात आधी पुढे करायचा की नुसते जोडायचे, हे तुम्ही ठरवा. तुम्ही जोडलेत तर समोरचाही जोडतो आणि कोणालाच अवघड होत नाही. कोकणी येत नसली तरी शुभेच्छांना "देव बरें करूं" म्हणा, हिंदू आणि ख्रिस्ती दोघांनाही ते आपलं वाटतं. नावापेक्षा गाव विचारा. गोव्यात माणूस आपलं गाव सांगताना खुलतो, आणि "कुडचड्याचे" किंवा "काणकोणचे" एवढंच लक्षात राहिलं तरी पुढच्या भेटीत बोलायला धागा मिळतो.

पण बोलणं एका वाक्याचं ठेवा, कारण वेळेचा हिशेब कडक आहे. ४०० माणसं तीन-चारच्या गटांनी आली तर साधारण १२० गट होतात. एका गटाला ४५ सेकंद दिली तर दीड तास. दीड मिनिट दिलं तर तीन तास, आणि ७ ते ९:३० मध्ये ते मावत नाहीत. रांग पायऱ्या सोडून हॉलच्या मध्यापर्यंत गेली की समजा गणित चुकतंय. मग लोक आधी जेवतात आणि बरेच न भेटताच जातात. अशा वेळी वधूवरांना घाई करायला सांगू नका. आधी फोटोग्राफरला एका गटाला एकच फोटो घ्यायला सांगा, कारण खरा वेळ तिथेच जातो. मध्येच एखादे आमदार किंवा मोठे पाहुणे आले तर दिरांनी आपली जागा सोडून खाली त्यांच्यापाशी जावं आणि वर आणून लगेच परत न्यावं. मुलीच्या वडिलांनी मात्र जागा सोडू नये, नाहीतर उतरणाऱ्यांना जेवणाचं कोणी विचारत नाही.

पाकिटं हा त्रासाचा भाग. आयांच्या हातात पाकिटं साठली की नमस्काराला हात मोकळे राहत नाहीत. वधूवरांच्या मागे एक करवली पिशवी घेऊन उभी ठेवा. पाकीट मुलाच्या किंवा सुनेच्या हातातून लगेच तिच्याकडे जावं. पत्रिकेवर आहेर नको असं छापलं असलं, तरी कोणी आग्रहानं दिलं तर स्टेजवर नाकारत बसू नका.

दोन्ही आयांच्या मागे एकेक खुर्ची ठेवायला हॉलवाल्यांना आजच सांगा. मे महिन्यात एसी असला तरी स्टेजवरच्या दिव्यांखाली उकडतं. विहीणबाई बसल्या की तुम्हीही बसा आणि माणसं आली की दोघी मिळून उठा. हे सगळं फोनवर त्यांच्याशी बोलताना मात्र "आम्ही असं ठरवलंय" असं म्हणू नका. समारंभ त्यांचा आहे. "विहीणबाई, मी तुमच्या शेजारी उभी राहिले तर चालेल ना? तुमची माणसं मला कोण ओळखून देणार?" असं विचारा. बाकीच्या जागा मग त्याच ठरवतील, आणि बहुतेक अशाच ठरतील.