पाहुण्यांची मेंदी तासांवर ठरवा

प्रश्न: मी परभणीची, दोन वर्षांपासून मेंदीच्या ऑर्डर घेते. गेल्या सीझनला एका लग्नात नवरी आणि पाहुण्या मिळून एकच रक्कम ठरली होती. चाळीसेक बायका म्हणाले, आल्या साठ. रात्रीचे दोन वाजले, वर पैसे ठरले तेवढेच. पॅकेज, वेळ आणि अ‍ॅडव्हान्स नेमका कसा ठरवायचा?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी नवरी आणि पाहुण्या यांचा हिशोब वेगळा करा. जमलं तर दिवसही वेगळा ठेवा. नवरीचं काम डिझाइनवर ठरतं, पाहुण्यांचं वेळेवर. दोन्हींची मिळून एक रक्कम सांगितली की वाढलेली प्रत्येक बाई तुमच्या झोपेतून वजा होते.

मागच्या उन्हाळ्यात सेलूजवळच्या एका गावातलं लग्न घेतलं होतं, त्याचाच हिशोब सांगते. लग्न रविवारी दुपारी साडेबाराचं, हळद शनिवारी सकाळी. घरच्यांचं म्हणणं होतं की शनिवारी हळद झाली की संध्याकाळी सगळ्यांचीच मेंदी उरकून घ्या, पाहुणे तेव्हाच येणार. मी नवरीसाठी स्पष्ट नाही म्हणाले. हळदीत तेल असतं. ते हाताला मुरलं की मेंदी नीट धरत नाही, मग कितीही साबण लावा. शिवाय मेंदी खरवडल्यावर रंग आधी नारिंगीच दिसतो. तो गडद व्हायला पुढचा एक ते दोन दिवस लागतो. शनिवारी रात्री काढलेली मेंदी रविवारी दुपारी फोटोत फिकीच येणार आणि नाव आपलं खराब होणार.

म्हणून नवरी शुक्रवारी घेतली. सकाळी दहाला बसलो. दोन्ही हात कोपरापर्यंत, आतून-बाहेरून, याला मला सव्वाचार तास लागतात. पाय घोट्याच्या थोडं वरपर्यंत, दीड तास. जेवण, पाणी, नवरीचं पाठ मोकळी करणं आणि गेलेली लाईट यांना पाऊण तास धरते. म्हणजे साडेसहा तास, दुपारी साडेचारला काम संपलं. रात्री साडेदहाच्या आत खरवडायची नाही आणि सकाळपर्यंत पाणी लावायचं नाही, हे मी नवरीला न सांगता तिच्या आईला आणि करवलीला सांगते, कारण नवरीला भरवणाऱ्या त्याच असतात. शनिवारी हळदीच्या आधी तळहातांना खोबरेल तेल चोळायला सांगितलं आणि तिथे हळद घासू नका म्हणाले. रविवारी रंग छान आला होता.

आता पाहुण्या. एका हाताच्या एका बाजूला साधी अरेबिक वेल काढायला सात-आठ मिनिटं लागतात. पण एक बाई उठून दुसरी बसते, बांगड्या वर सरकवते, मोबाइलवर डिझाइन दाखवते, ते धरलं की दहा मिनिटं होतात. म्हणजे एक मुलगी तासाला सहा बाजू काढते, याहून जास्त धरू नका. चाळीस बायका, प्रत्येकीचे दोन हात एकाच बाजूने, म्हणजे ऐंशी बाजू, आठशे मिनिटं. एकटीने केलं तर सव्वातेरा तासांच्या वर जातं. तुमच्याकडे साठ आल्या होत्या, तर तो वीस तासांचा ऐवज झाला. तुम्ही दोनला सुटलात हेच खूप केलंत.

म्हणून मी पाहुण्यांचं पॅकेज 'तीन मुली, चार तास' असं विकते. शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ. यात बहात्तर बाजू होतात, हा आकडा घरच्यांना आधीच सांगते. कुणाला किती द्यायच्या ते त्यांनी ठरवावं: साठ बायका आल्या तर एकेक बाजू, छत्तीस आल्या तर दोन्ही हात. माझा दर एका मुलीच्या तासाला सहाशे, म्हणजे चार तासांचे बहात्तरशे. नवरीचे साडेचार हजार वेगळे, गावाला जायचं गाडीभाडं वेगळं आणि दोन दिवस जायचं तर दोन खेपांचं. दर तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण मोजायचं माप तास हेच ठेवा.

गेल्यागेल्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर नंबर घालून नवरीच्या मावशीच्या किंवा काकूच्या हातात देते. रांग ती लावते, वाईटपणा आपल्याकडे येत नाही. पावणेनऊनंतर नवा हात धरत नाही. वेळ वाढवायची तर यजमानांपैकी एकाच ठरलेल्या माणसाने सांगायचं, आणि तेही साडेआठच्या आत. तासाचा दर तोच, पण पूर्ण तासाचा. पोरींच्या हातावर एक फूल काढायला दोन मिनिटं लागतात, त्या सगळ्या पहिल्या अर्ध्या तासात बसवते, नाहीतर रडून झोपी जातात.

अ‍ॅडव्हान्सचं बोलायचं तर आपल्याकडे बस्ता झाला की फोन सुरू होतात आणि "तारीख धरून ठेवा ताई" म्हणतात. नुसत्या शब्दावर तारीख धरू नका. त्याच तारखेला दुसरी नवरी परत पाठवायची आणि पहिली ऐनवेळी गावातलीच कुणी बोलावते, हे माझ्या बाबतीत घडलंय. मी प्रत्येकाला फोनवर सगळं बोलून झाल्यावर हाच मेसेज पाठवते:

"नवरीची मेंदी शुक्रवारी सकाळी १० ते ४:३०. पाहुण्या शनिवारी ५ ते ९, तीन मुली, ७२ बाजू. एकूण ११,७०० आणि गाडीभाडं. तारीख ४,००० जमा झाल्यावरच पक्की. नवरीची बाकी नवरीचे हात झाल्यावर, पाय सुरू करण्याआधी. पाहुण्यांची बाकी आणि गाडीभाडं शनिवारी बसण्याआधी. मुहूर्त बदलला किंवा सुतक आलं तर अ‍ॅडव्हान्स सहा महिन्यांत एकदा दुसऱ्या तारखेला धरू, ती तारीख माझ्याकडे मोकळी असेल तर. पंधरा दिवसांच्या आत रद्द केल्यास अ‍ॅडव्हान्स परत नाही. मी येऊ शकले नाही तर पूर्ण रक्कम परत. मान्य असेल तर 'मान्य' असं उत्तर द्या."

पंधरा दिवसांच्या आधी रद्द केलं तर मी पैसे परत करते, कारण तोवर तारीख पुन्हा जाते. हात झाल्यावर पैसे मागायचं कारण साधं आहे. तेव्हा घरात सगळे निवांत असतात आणि कामही डोळ्यांसमोर असतं. रात्री सगळं संपल्यावर मागितलं तर पैसे ज्याच्याकडे असतात तो मंडपवाल्याकडे गेलेला असतो.

पाहुण्यांचा आकडा मी चार दिवस आधी पक्का करून घेते, ते कोनांसाठी. ताज्या मेंदीत टिकवायचं काही घातलेलं नसतं. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात बाहेर राहिलेला कोन दोनेक दिवसांतच रंग सोडायचा कमी होतो, म्हणून मी भिजवून लगेच फ्रीजरमध्ये टाकते आणि बर्फाच्या डब्यातून नेते. ऐनवेळी कोन कमी पडले की कुणीतरी दुकानातून काळी मेंदी आणतं. ती हातात घेऊ नका, बायकांनी कितीही आग्रह केला तरी. तिच्यात केस काळे करायच्या डायमधलं पीपीडी असू शकतं, त्याने हाताला फोड येतात, आणि लोकांना लक्षात राहतं ते काढणारीचं नाव.

राहिलं नात्यातल्या लग्नाचं. तिथे अ‍ॅडव्हान्स मागायला जीभ रेटत नाही, माझीही रेटत नाही. मी तिथे दर निम्मा करते, पण तीन मुली आणि नऊ वाजताची वेळ तीच ठेवते. सोबत आलेल्या मुलींना त्यांचे पूर्ण पैसे माझ्याकडून जातात, आणि त्यांनाही रात्री घरी पोचायचं असतं.