आकडा आधी, माफी नंतर

"ताई, तीन वर्षांपूर्वी आठ महिने मला नोकरी नव्हती. बचत पुरते आहे असं मी घरी सांगितलं, प्रत्यक्षात घर दोन क्रेडिट कार्डांवर चाललं. पुढे थकलेली बिलं भरायला वैयक्तिक कर्ज काढलं. आज कार्डांचं देणं 5 महिन्यांच्या पगाराएवढं आहे आणि कर्ज 4 महिन्यांच्या. कार्डांवर मी फक्त किमान रक्कम भरतो. बायकोला यातलं काही माहीत नाही. बोलायला धीर होत नाही म्हणून पत्र लिहायला बसतो, पण ते एक तर रडगाणं होतं, नाही तर 'मोठं घर तुलाच हवं होतं' इथे येऊन थांबतं. कसं लिहू?"

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. मला लिहिताना तुम्ही आकडे सरळ सांगितले आहेत. तिलाही तसेच सांगा, आणि पहिल्या चार ओळींत. 'मी फार मोठा गुन्हा केला आहे' अशी सुरुवात केलीत, तर खरी गोष्ट येईपर्यंत तिच्या मनात काय काय येऊन जाईल याचा विचार करा.

सुरुवात अशी करता येईल: "मी तुझ्यापासून कर्ज लपवलं आहे. आज एकूण देणं माझ्या 9 महिन्यांच्या पगाराएवढं आहे. नोकरी नव्हती तेव्हा बचत पुरते असं मी सांगितलं, ते खोटं होतं. तुझ्या नावावर काही काढलेलं नाही आणि घरातलं काही गहाण ठेवलेलं नाही." शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा, नसेल, तर काय गहाण आहे ते तिथेच लिहा. महिन्यांच्या हिशेबासोबत खरी रक्कमही द्या. आकडा पूर्ण असू द्या. मित्राकडून घेतलेले हातउसने तिला पुढच्या महिन्यात कळले, तर या पत्रातल्या कुठल्याच ओळीवर तिचा विश्वास राहणार नाही.

मग कर्ज का हटत नाही ते लिहा, कारण तिचा पहिला प्रश्न तोच असेल: इतकी वर्षं भरतोयस, मग गेलं कुठे? इथे हिशेबच मदतीला येतो. समजा, कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के आहे आणि किमान रक्कम 5 टक्के. 5 महिन्यांच्या पगाराएवढ्या देण्यावर तुम्ही दरमहा पगाराचा चौथा हिस्सा भरता. त्यातले पाचातले तीन भाग व्याजात जातात, मुद्दल फक्त दोन भागांनी कमी होतं. त्याच कार्डावर पुन्हा खरेदी झाली की तेही भरून निघतं, शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीवर बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तुमच्या बिलावरचे खरे दर घालून हे लिहा. मोठं घर कुणाला हवं होतं, हा प्रश्न या हिशेबात कुठेच येत नाही. तो पत्रातून काढून टाका. घराचा खर्च झेपत नसेल, तर ते दोघांनी कागद समोर ठेवून बोलायचं.

माफी एकदाच मागा, आणि कशाची ते नेमकं लिहा. कर्ज अडचणीतून आलं, लपवणं मात्र तुम्ही ठरवून केलं, आणि तिला जास्त लागणार आहे ते हेच. "तुला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही" एवढं पुरेसं आहे. त्यापुढे 'पण' आला तर वाक्य तिथेच तोडा. 'मी नालायक आहे' वगैरेही नको, कारण ते वाचून रागावायच्या ऐवजी तिला तुमचीच समजूत घालत बसावं लागेल. लिहून झालं की सपाट आवाजात मोठ्यानं वाचा. जिथे आवाज चढतो किंवा भरून येतो, ती ओळ पुन्हा लिहा.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं खरोखर मनात येत असेल, तर ते पत्रात लिहू नका. आजच डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला प्रत्यक्ष सांगा.

शेवटी उपायांची यादी नको. कार्डं वापरणं थांबवलं असेल तर तसं लिहा, पुढच्या 15 दिवसांत कुठले हप्ते आहेत ते लिहा, आणि पुढचं ठरवणं दोघांवर सोडा. इतकी वर्षं एकट्यानंच ठरवत आलात, आता योजनाही तयार करून तिच्या हातात दिलीत तर तिला पुन्हा बाहेरच ठेवल्यासारखं होईल.

पत्र टेबलावर ठेवून बाहेर निघून जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी द्या, बिलं आणि कर्जाचे कागद सोबत ठेवा, आणि घरातच थांबा. ती दोन दिवस बोलणार नाही, कदाचित जास्तही. त्या काळात उत्तरासाठी तिच्या मागे लागू नका. तिनं काही विचारलं, तर फक्त तेवढ्याचं खरं उत्तर द्या.