साठेखतावरील दाव्यात ‘तयार व राजी’ हे कसे मांडावे?

‘साठेखत करून विसार दिला, पण मालक आता खरेदीखत करून देत नाहीत. वादपत्रात “मी सुरुवातीपासून तयार व राजी आहे” एवढे लिहिले तर चालेल का?’

तेवढ्यावर विसंबू नये. मी पुण्यात दिवाणी दावे चालवतो, आणि असे दावे याच एका वाक्यावर अडलेले मी पाहिले आहेत. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 16(क) मध्ये 2018 साली दुरुस्ती झाल्यापासून तेथे ‘मांडणे व सिद्ध करणे’ यातले केवळ ‘सिद्ध करणे’ उरले आहे. तरीही जे वादपत्रात मांडलेलेच नाही त्याचा पुरावा न्यायालय सहसा विचारात घेत नाही, म्हणून ते तपशिलाने मांडावेच.

‘तयार’ म्हणजे ऐपत आणि ‘राजी’ म्हणजे वर्तन. समजा, कोथरूडची सदनिका 80 लाखांना ठरली, 10 लाख विसार दिला आणि बाकीचे 70 लाख 30 जून 2024 पर्यंत खरेदीखताच्या वेळी द्यायचे होते. मुद्रांक शुल्क तुमच्याकडे असेल, तर सात टक्क्यांप्रमाणे 5 लाख 60 हजार आणि नोंदणी फी 30 हजार, म्हणजे जवळजवळ 76 लाखांची तजवीज दाखवावी लागेल. ही रक्कम न्यायालयाने आदेश दिल्याखेरीज प्रत्यक्ष भरणे आवश्यक नाही, पण ती कोठून येणार होती हे सांगावे लागते.

ही तयारी करारापासून सतत टिकलेली असावी लागते, आणि येथेच ‘सतत’ या शब्दाची कसोटी लागते. समजा, 45 लाखांचे कर्ज मंजूर होते, पण मंजुरीपत्राची मुदत काही महिन्यांत संपली. 31 लाखांची ठेव होती, पण ती ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कामासाठी मोडली. दावा 2026 मध्ये लावला, तर मधल्या काळात पैसे कोठे होते, हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो. म्हणून मंजुरीचे नूतनीकरण करून घ्यावे, ठेवीऐवजी दुसरी सोय केली असल्यास ती तारखेसह लिहावी आणि पासबुकाचे उतारे जोडावेत.

वर्तनाच्या बाबतीत नोटिशीची भाषा जपावी. माझ्या एका पक्षकाराने मुदतीनंतर ‘दोन लाख कमी करा, मग येतो’ असा संदेश पाठवला होता, आणि तो करारात नसलेली अट घालतो म्हणून त्याच्या राजीपणावरच प्रश्न उभा राहिला.

परिच्छेद साधारण असा असावा: ‘वादी दिनांक 30 जून 2024 रोजी उर्वरित 70 लाख रुपये देण्यास तयार व राजी होता, त्याने अमुक तारखेच्या नोटिशीने प्रतिवादीस दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावले, प्रतिवादी आला नाही, आणि वादी तेव्हापासून आजपर्यंत तसाच तयार व राजी असून पुढेही राहील.’ त्याखाली प्रत्येक रकमेचा स्रोत द्यावा.

पर्यायी मागणी म्हणून विसाराचा परतावा त्याच वादपत्रात मागा. तारीख ठरलेली असल्याने मुदत त्या तारखेपासून तीन वर्षांची आहे; तोवर थांबणे कायद्याने चालते, पण थांबलेल्या प्रत्येक महिन्याचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागेल.