माझं उत्तर स्पॅममध्ये पडून होतं

प्रश्न: फायनल इंटरव्ह्यू होऊन आठ दिवस झाले, एचआरचा मेल नाही. मी फ्रेशर आहे, दिवसभर इनबॉक्स रिफ्रेश करत बसते. नकार द्यायचाय म्हणूनच गप्प आहेत का?

तसंच असेल असं नाही. माझ्या वेळी ते गप्प होते ते एका तिसऱ्याच माणसामुळे, आणि हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

मी डोंबिवलीची. बीएस्सी आयटी झाल्यावर ऐरोलीतल्या एका कंपनीत माझा शेवटचा राउंड गुरुवारी झाला. एचआरमधल्या मॅडम म्हणाल्या, "सोमवार-मंगळवारपर्यंत कळवते." मंगळवार उलटला आणि माझा अंगठा थांबेना. स्क्रीन खाली ओढायची, ते छोटं वर्तुळ फिरायचं, आणि सगळ्यात वर पुन्हा तोच वीजबिलाचा मेल. रात्री आईला जाग येऊ नये म्हणून फोन चादरीत घेऊन बघायचे. बाबा कामावरून आल्यावर चपला काढता काढता विचारायचे, "आला का गं?" पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं, त्याचा जास्त त्रास झाला.

दुसऱ्या गुरुवारी ताईने माझ्याकडून मेल लिहून घेतला. नवा नाही, इंटरव्ह्यूची वेळ कळवणारा जो मेल आला होता त्यालाच रिप्लाय, म्हणजे समोरच्याला आपण कोण हे शोधावं लागत नाही. चारच ओळी: कुठल्या पदासाठी, कुठल्या तारखेला इंटरव्ह्यू झाला, अजून इच्छा आहे, आणि निर्णय साधारण कधीपर्यंत होईल. शुक्रवारी उत्तर आलं, "प्रोसेस सुरू आहे, पुढच्या आठवड्यात कळवू." मला ती टोलवाटोलवी वाटली. आता कळतं की त्या उत्तरात माहिती होती. जागा भरली असती तर बहुतेक तसं सांगून विषय संपवला असता. "सुरू आहे" म्हणजे जागा अजून उघडी होती. तरी ताईच्या सांगण्यावरून सोमवारी मी ठाण्यात दुसरीकडे इंटरव्ह्यू देऊन आले.

मंगळवारी ताईनेच विचारलं, "स्पॅम बघितलंस?" मी रोज मॅडमचं नाव टाकून शोधत होते, पण जीमेल साध्या शोधात स्पॅम धरत नाही. तिने शोधायच्या चौकटीत हे टाकलं आणि पुढे कंपनीचं नाव लिहिलं:

```
in:anywhere
```

सोमवार सकाळचा मेल निघाला. मॅडमचा नव्हताच तो, भरतीसाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याच्या पत्त्यावरून आपोआप आलेला. मार्कशीट, पॅन कार्ड आणि पत्त्याचा पुरावा तीन कामकाजाच्या दिवसांत अपलोड करा, असं त्यात होतं. दीड दिवस तो तिथे पडला होता आणि मी शेजारच्या फोल्डरवर डोळे लावून बसले होते.

लगेच काही अपलोड केलं नाही. नोकरीच्या नावाने कागद आणि पैसे काढणारे मेलही असेच येतात. मॅडमना फोन लावून विचारलं, मेल तुमचाच ना? त्या म्हणाल्या, "हो, आणि आज तुला फोन करणारच होते." कागद मागितले म्हणजे ऑफर झाली असंही नव्हे, त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं. ऑफर लेटर शुक्रवारी आलं, इंटरव्ह्यूनंतर पंधराव्या दिवशी.

नोकरीला लागल्यावर एकदा कँटीनमध्ये मॅडमनी आतली गोष्ट सांगितली. जागा दोन होत्या आणि पॅनेलच्या यादीत मी तिसरी. पहिल्या दोघांना ऑफर गेली. एकाने लगेच होकार दिला, दुसऱ्याने मुदत मागून घेतली आणि शुक्रवारी संध्याकाळी नाही म्हणाला. तोपर्यंत मला नकार कळवला असता तर त्यांच्या हाताशी कोणीच उरलं नसतं, आणि होकार द्यायला जागा नव्हती. मला काय लिहिणार होत्या त्या? पुढे माझ्या नावाने पगाराची मंजुरी नव्याने घ्यावी लागली, त्यात आणखी दिवस गेले. मला त्यांचा राग आला नाही. पण "यादीत आहेस, थोडं थांब" एवढं सांगितलं असतं तरी त्या रात्री मी झोपले असते, हे मी त्यांना तोंडावर बोलले.

तुम्हाला आठ दिवस झालेत, आधी स्पॅम आणि प्रमोशन्स बघा. तिथे काही नसेल तर आजच जुन्या मेलला रिप्लाय करा. त्याचंही उत्तर आठवडाभरात आलं नाही तर एकदा फोन करा, कामाच्या वेळेत. दुसरीकडचे इंटरव्ह्यू मात्र एकही सोडू नका.