डिग्री नाही, पण वहीचं एक पान आहे

प्रश्न: मेकॅनिकलचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडतोय, वायडी लागलाय, वर्ष वाया गेलंय. संभाजीनगरजवळच्या वाळूजला कामाला लागायचा विचार आहे. डिग्री नसताना पुढे काही भवितव्य आहे का, आणि कोणतं सर्टिफिकेट केलं तर किंमत राहते?

मी पण वायडीवालाच. २०१२ च्या दुष्काळात गावाकडे कापूस गेला, इकडे गणिताचा पेपर एम-थ्री दुसऱ्यांदा गेला. मामा बीडला शिक्षक. त्यांनी फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "कागद नसलेल्या माणसाला कुणी खुर्ची देत नाही." तेव्हापासून त्यांचं-माझं हे भांडण चालू आहे. तुमचा प्रश्न वाचून तेच आठवलं, म्हणून लिहायला बसलो.

बजाजनगरात चौघांत एक खोली घेतली आणि एका छोट्या जॉब शॉपला, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट बनवून देणाऱ्या वर्कशॉपला, हेल्पर म्हणून लागलो. सात-आठ महिने पीसच्या कडेची खरखरीत बर काढणं, पीस पुसणं, चिप्स भरून टाकणं. मग व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, ऑपरेटर, मग हळूहळू सेटिंग. इथवर सगळ्यांचं सारखंच असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं घडलं ते एका मे महिन्यात. अ‍ॅल्युमिनियमचं हाऊसिंग होतं, त्यात १०० एमएमचं बोअर, म्हणजे गोल भोक, फिट एच-सात. म्हणजे बोअर १०० च्या खाली अजिबात जायचं नाही आणि वर जास्तीत जास्त ०.०३५ एमएम. मी गेजवर १०० च्या वर ०.०१० ते ०.०२० धरून चाललो होतो, मधोमध, सुरक्षित. आठवडाभर माझी नाईट होती, एक पीस परत आला नाही. पुढच्या आठवड्यात डे लागली आणि दुपारचा अख्खा लॉट क्यूसीतून, म्हणजे तपासणी विभागातून, परत. क्यूसीच्या प्लग गेजची गो बाजू, म्हणजे भोकात जायलाच हवी ती बाजू, आतच जात नव्हती, बोअर लहान. लहान बोअर परत मोठं करता येतं असं वाटेल, पण एकदा काढलेला पीस पुन्हा फिक्स्चरला बांधला की केंद्र हलतं आणि शेजारच्या भोकांशी अंतर बिघडतं. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "कॉलेज सोडून आलेल्यांना मायक्रॉन काय कळणार!"

मला खरंच कळत नव्हतं. तेच मशीन, तोच बोरिंग बार, तेच गेज, तोच माणूस. मग रात्री चांगलं आणि दुपारी वाईट, हे कसं?

जेवणाच्या सुट्टीत परत आलेले पाच पीस क्यूसीतून उचलले आणि मशीनशेजारी ठेवले. दोन तासांनी माझ्या त्याच गेजने मोजले, तर पाचही ओके! क्यूसीत ९९.९९५ दाखवणारा पीस माझ्याकडे १००.०१५ दाखवत होता. क्यूसीची खोली एसीत, २० अंशांवर. शॉपमध्ये भिंतीवर थर्मामीटर नव्हता, म्हणून गुलमंडीवरून एक साधा आणून टांगला. दुपारी ३८, रात्री २८.

अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन, म्हणजे ०.०२३ एमएम, वाढतं, पोलाद साधारण साडेअकरा. मी माझं पोलादी गेज क्यूसीतल्या १०० एमएमच्या रिंगवर झीरो करून शॉपमध्ये आणायचो. शॉपमध्ये गेजही तापायचं आणि जॉबही, पण जॉब दुप्पट फुगायचा. १०० एमएमवर १८ अंशांचा फरक धरला तर जॉब गेजपेक्षा जवळजवळ ०.०२० ने जास्त वाढतो. म्हणजे मला १०० च्या वर ०.०१५ दिसतंय तो पीस एसीत थंड झाला की १०० च्या खाली ०.००५. रात्री फरक फक्त आठ अंशांचा, चूक ०.००९ ची, म्हणून तेच आकडे धरूनही पीस पास व्हायचे. गंमत म्हणजे ही थर्मल एक्स्पान्शनची गणितं मी पहिल्या वर्षात परीक्षेत सोडवली होती, मार्कही पडले होते. मशीनसमोर मात्र एकदाही आठवली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी गेजवर ०.०३५ च्या आसपास धरलं. थंड झाल्यावर पीस ०.०१५ वर येऊन बसायचा. गेजवर वरच्या टोकाला दिसतोय म्हणून आधी सुपरवायझर ओरडला, मग क्यूसीचा रिपोर्ट बघून गप्प बसला. (सॉरी म्हणाला नाही. बारा वर्षांत कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.)

हे सगळं मी दोनशे पानी वहीत लिहिलं होतं. वेळ, शॉपचं तापमान, गेजचं रीडिंग, क्यूसीचं रीडिंग, चार दिवसांच्या ओळी. दोन वर्षांनी चिकलठाण्याला एका टूलरूममध्ये मुलाखतीला गेलो. मालकाने शिक्षण विचारलं, मी खरं सांगितलं, त्याचा चेहरा पडला. मग मी ते पान उघडून समोर ठेवलं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पहिला प्रश्न विचारला, "पोलादाचा जॉब असता तर?" मी म्हटलं, गेजइतकाच वाढला असता, रीडिंग बरोबरच आलं असतं. मग ड्रॉइंग आणि ब्लँक देऊन अर्धी शिफ्ट ट्रायल घेतली आणि सेटर म्हणून लावलं. आज तिथेच प्रोग्रॅमिंग बघतो.

तर भाऊ, वही ठेवा. गेलेला जॉब, कारण, काय बदललं, बदलल्यावर काय आलं, एवढंच लिहा. चांगल्या पीसचे फोटो कुणीही दाखवतो, बिघडलेला पीस का बिघडला हे सांगणारा मुलाखतीत वेगळा उठून दिसतो. मात्र कस्टमरचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, फोटो बाहेर नेऊ नका. नोकरी जाईल, आणि पुढचा मालकही म्हणेल की हा उद्या माझंही नेईल. माझ्या वहीत हाताने काढलेलं एक गोल आणि आकडे होते, बस.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर "शंभर टक्के प्लेसमेंट" वाले तीन महिन्यांचे क्लास मला फसवणूकच वाटतात. मुलं स्क्रीनवर सिम्युलेशन बघतात, हातात टूल येत नाही. फी भरण्याआधी एकच विचारा: एका मशीनवर किती मुलं, आणि ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापं, मी स्वतः घेणार का? उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर निघून या. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स बघा, तिथे मशीनवर काम होतं. दोन वर्षं काढायची तयारी असेल तर आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड. दहावीवर मिळतो, कागद सरकारी असतो आणि पुढे अप्रेंटिसशिपही करता येते. अर्ध्यात सोडलेल्या इंजिनिअरला आयटीआयची लाज वाटते. मलाही वाटली होती, आणि ती माझी चूक होती.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. हे सगळं छोट्या शॉपला आणि टूलरूमला लागू. मोठ्या कंपनीच्या फॉर्मवर डिग्रीचा रकाना रिकामा असेल तर वही बघणाऱ्या माणसापर्यंत तुम्ही पोचतच नाही. सरकारी नोकरीचंही तेच. बाहेरदेशी जायचं डोक्यात असेल तर मान्यताप्राप्त कागद लागतोच. आणि एकच वर्ष राहिलं असेल, घरून पैसा येत असेल, तर सोडू नका, राहिलेले विषय काढा.

मामांना आजही वाटतं की मी नशिबाने तरलो. दिवाळीला त्यांना ते पान दाखवलं, तर म्हणाले, "अक्षर सुधार." गेल्या वर्षी मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घातलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.