मार्बल, ब्रश्ड स्टील आणि मॅट पेंट: रेंडरमधल्या चकाकीचे प्रश्न

प्रश्न वेगवेगळ्या साइटवरून आले असले तरी गोंधळ तोच आहे. पृष्ठभाग किती प्रकाश परत पाठवतो आणि तो प्रकाश किती पसरवून पाठवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जण त्या एकच समजून स्लायडर फिरवत बसतात, म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

मेटॅलिक ०.५ ठेवलं तर थोडा धातूचा लुक येतो ना? (विद्यार्थिनी, प्रतापनगर)

नाही. धातू असेल तर १, नसेल तर ०.

हॉलच्या मार्बलचं रिफ्लेक्शन पूर्ण वाढवलं की आरसा होतो, कमी केलं की दगड मेल्यासारखा दिसतो. नेमकं किती ठेवू? (इंटिरियर डिझायनर, धरमपेठ)

त्या स्लायडरला हातच लावू नका. ‘मार्बल म्हणजे रिफ्लेक्शन फुल’ हे कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं असतं, आणि तिथूनच सगळं बिघडतं.

मार्बल धातू नाही. सरळ वरून पाहिलं तर पॉलिश केलेला मार्बलसुद्धा पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार-पाच टक्के आरशासारखा परत पाठवतो. बाकीचा बराचसा प्रकाश दगडात शिरून विखुरतो आणि बाहेर येतो. पांढरा रंग आणि शिरा दिसतात त्या त्यामुळेच. नजर जमिनीला जितकी समांतर होत जाते, तितकं प्रतिबिंब वाढतं. याला फ्रेनेल परिणाम म्हणतात.

तुमच्याच हॉलचा हिशेब मांडू. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास आहे असं धरा. त्याच्या पायाशी प्रतिबिंब चार-पाच टक्के असेल. तीन मीटर पुढे, सोफ्यापाशी, ते दहाएक टक्के होईल. साडेआठ मीटरवर, बाल्कनीच्या दाराशी, ते चाळीस टक्क्यांच्या आसपास जाईल. म्हणजे एकाच फरशीवर जवळ दगड दिसतो आणि लांब उजेड दिसतो. आयओआर, म्हणजे दगडात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा, १.५ ते १.६ असलं आणि फ्रेनेल चालू असलं की सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. तुम्ही रिफ्लेक्शन १ वर नेऊन फ्रेनेल बंद केलंत, तर पायाशीही चाळीस टक्क्यांहून कितीतरी जास्त प्रतिबिंब येतं आणि शिरा त्याखाली गायब होतात.

तुम्ही ठरवायचं ते रफनेस, म्हणजे परत जाणारा प्रकाश किती पसरतो ते. ताजं पॉलिश असेल तर ०.०५ ते ०.१ पासून सुरुवात करा, वापरून थोडी मंद झालेली फरशी असेल तर ०.१५ ते ०.२, आणि होन्ड, म्हणजे गुळगुळीत घासलेलं पण चमक न आणलेलं फिनिश असेल तर ०.४ च्या आसपास. हे सुरुवातीचे आकडे आहेत, प्रत्येक दगडाला तसेच लागू होतील असं नाही. बरोबर आलं की नाही ते बाल्कनीच्या ग्रिलच्या प्रतिबिंबात बघा. ताज्या पॉलिशमध्ये गज एकेक करून मोजता येतात. ०.२ ला ते एकमेकांत मिसळायला लागतात. होन्डमध्ये दाराच्या जागी फक्त उजळ पट्टा उरतो. खुर्चीचा पायही बघा: फरशीला टेकतो तिथे त्याचं प्रतिबिंब स्पष्ट आणि वर जाईल तसं पुसट दिसायला हवं.

व्हिज्युअलायझरला ब्रीफ देतानाही ‘ग्लॉसी मार्बल’ एवढंच लिहू नका. ‘दाराशी ग्रिलचे गज ओळखता यावेत, सोफ्यासमोर शिरा स्पष्ट दिसाव्यात, आणि दर स्लॅबच्या सांध्याला प्रतिबिंब किंचित तुटावं’ असं लिहा. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण खऱ्या कामात कुठलेच दोन स्लॅब अगदी एका पातळीत बसत नाहीत. सलग गुळगुळीत प्रतिबिंब आलं की डोळ्याला लगेच खोटं वाटतं.

ब्रोशरच्या एका युक्तीचा मला मनापासून राग येतो. कॅमेरा दीड फुटावर उतरवतात. मग तीन मीटरवरच प्रतिबिंब चाळीस टक्क्यांच्या पुढे जातं आणि सगळा हॉल चमचमतो. ताबा घेताना ग्राहक उभा राहून बघतो आणि विचारतो, ती चमक गेली कुठे? फरशी तीच असते, चित्रात मात्र कुणी उभं नव्हतं. दीड मीटरचा एक व्ह्यू तरी ग्राहकाला दाखवाच.

दुकानातल्या स्पॉटलाइटखाली बघूनही ठरवू नका. स्लॅबचा तुकडा साइटवर आणा, खिडकीजवळ ठेवा आणि पॉलिशवाल्या मिस्त्रींना विचारा की शेवटी किती चमक राहील. ओल्या जागेत चकचकीत फरशी घालायची असेल, तर रेंडरच्या आधी आर्किटेक्टशी घसरण्याबद्दल बोलून घ्या.

लिफ्टचं ब्रश्ड स्टील राखाडी प्लास्टिक दिसतं. (वर्धा रोड)

मेटॅलिक ० राहिलं असणार, आधी ते १ करा. धातूचा रंग प्रतिबिंबातूनच दिसतो. स्टीलला मध्यम राखाडी पुरे, रफनेस ०.३ च्या आसपास. मग अ‍ॅनिसोट्रॉपी चालू करा. ब्रशच्या रेषा ज्या दिशेने जातात, उजेड त्यांच्या आडव्या दिशेला ताणला जातो. हेअरलाइन पत्र्यावर रेषा उभ्या असतील तर दिव्याचा पट्टा आडवा पसरला पाहिजे. तो उभा पसरला तर रोटेशन चुकलं आहे, ते पाव फेरी फिरवा. एकेक ओरखडा बंपमध्ये काढू नका, लांबून फक्त कण-कण आणि झगमग दिसते. आणि लिफ्टसमोर रिकामा काळा सीन असेल तर स्टील काळंच दिसेल. समोरची लॉबी आणि दिवे मॉडेल करा. पत्र्याचा नमुना फॅब्रिकेटरकडून मागवा, रेषांची दिशा त्यालाच नक्की माहीत असते.

मॅट पेंटसाठी स्पेक्युलर ० केलं, तरी भिंत पुठ्ठ्यासारखी का? (मनीषनगर)

कारण मॅट म्हणजे प्रतिबिंब नाही असं नव्हे, ते खूप पसरलेलं आहे. स्पेक्युलर परत मूळ जागी आणा आणि रफनेस ०.८ ते ०.९ करा. मॅट भिंतही तिरक्या नजरेला किंचित उजळते. म्हणूनच कमी चमकेचे रंग ग्लॉसमीटरने ८५ अंशांच्या कोनात मोजतात. पांढऱ्या रंगाची किंमत १ ठेवू नका, ०.८ पुरे. नाहीतर उजेड भिंतींमध्ये आपटत राहतो आणि कोपऱ्यातल्या सावल्या धुऊन जातात. रोलरचा अगदी हलका पोत द्या. नेमकी शेड आणि फिनिश पेंट कंपनीच्या डेटाशीटवरून घ्या, दुकानदाराच्या ‘एकदम मॅट आहे साहेब’वरून नको.

महागडा 8K टेक्स्चर पॅक घेतला, रफनेस मॅप लावला की सगळं ओलं दिसतं. (फ्रीलान्सर, सदर)

मॅपचा कलर स्पेस `sRGB` राहिला आहे, तो `Non-Color` करा. त्या चुकीमुळे मॅपमधलं ०.५ रेंडरमध्ये सुमारे ०.२१ वाचलं जातं, म्हणून सगळं चकचकीत होतं. 8K चा याच्याशी काही संबंध नाही, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायचीही गरज नव्हती. बदलूनही ओलंच राहिलं, तर फाइल घेऊन एखाद्या अनुभवी व्हिज्युअलायझरकडे बसा.

व्ही-रेमध्ये ०.१ टाकलं तर मार्बल धुरकट झाला. (धंतोली)

तिथे ग्लॉसीनेस आहे, तो उलटा चालतो. ०.९ टाका, किंवा `Use roughness` निवडा.

उद्या सकाळी प्रेझेंटेशन आहे, मार्बल अजून जमत नाही. (वर्धमाननगर)

आज रात्री नवीन मटेरियल शोधू नका. तयार मार्बल घ्या, फ्रेनेल चालू आहे ना ते तपासा, रफनेस ०.१ करा, कॅमेरा दीड मीटरवर ठेवा आणि लहान आकारात एक रेंडर काढून ग्रिल बघा. पुढच्या वेळी मटेरियलचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारा.